पहिल्या कडक उन्हानंतर हातावर-चेहऱ्यावर खाजणारं पुरळ: पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन ओळखायचं कसं आणि पुढच्या मोसमात आवरायचं कसं

बरेच महिने ढगाळ हवेत नाहीतर घरात-ऑफिसात गेलेले असतात, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असतात, आणि मग एक दिवस कडक ऊन पडतं, आपण अर्ध्या बाह्यांत दोन-तीन तास बाहेर राहतो. त्या दिवशी काहीच होत नाही. रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला चुरचुर सुरू होते, मग खाज, आणि बघावं तर कोपराखाली बाहेरच्या बाजूला बारीक बारीक पुटकुळ्या. कोणी म्हणतं घामोळं आहे, कोणी म्हणतं पित्त उठलं, कोणी म्हणतं काहीतरी खाण्यात आलं. चार-पाच दिवसांनी ते आपोआप ओसरतं म्हणून आपण विसरतो, आणि पुढच्या वर्षी त्याच सुमाराला परत तेच.

हे दरवर्षी ठरल्यासारखं होत असेल तर ते बहुतेक पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन असतं, डॉक्टर लोक त्याला पीएमएलई म्हणतात. उन्हामुळे होणाऱ्या पुरळांमधला हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार आहे, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आणि बहुतेकदा तिशीच्या आत सुरू होणारा. संसर्गजन्य नाही, डाग कायमचे राहत नाहीत, जिवाला धोका नाही, पण खाज अक्षरशः झोप उडवते. ज्यांना हे नुकतंच झालंय किंवा नुकतंच नाव कळलंय त्यांच्यासाठी पायरी-पायरीने लिहितोय. मला स्वतःला हे बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि माझं ठाम मत असं की या दुखण्यात क्रीमपेक्षा घड्याळ आणि कॅलेंडर जास्त कामाला येतं.

आधी हे होतं का ते थोडक्यात, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे. उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण त्वचेतल्या काही रेणूंमध्ये थोडा बदल करतात, हे सगळ्यांच्याच त्वचेत होतं. एरवी तेच ऊन त्वचेतली प्रतिकारशक्ती थोडा वेळ दाबून ठेवतं, त्यामुळे शरीर त्या बदललेल्या रेणूंकडे दुर्लक्ष करतं. पीएमएलई असलेल्यांच्या त्वचेत ही दाबून ठेवण्याची क्रिया कमी पडते, मग शरीर आपल्याच त्वचेवर ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया देतं. ही प्रतिक्रिया पेशींमार्फत होते आणि पेशी जमायला वेळ लागतो, म्हणून पुरळ उन्हात असताना न येता काही तासांनी येतं. आणि त्वचेला हळूहळू उन्हाची सवय झाली की ती दाबून ठेवण्याची क्रिया सुधारते, म्हणून मोसमाच्या सुरुवातीला त्रास होतो आणि पुढे तेवढ्याच उन्हात काही होत नाही. याला हार्डनिंग म्हणतात, त्याकडे शेवटी येऊ.

पायरी १: वेळ लिहून ठेवा

पुरळ आलं की पहिलं काम म्हणजे मोबाईलमध्ये चार गोष्टी टिपून ठेवायच्या: उन्हात कधी गेलो आणि किती वेळ होतो, पहिली खाज कधी सुटली, सगळ्यात जास्त कधी झालं, आणि कधी गेलं. एवढ्याने निम्मं निदान होतं, खरंच.

पीएमएलई साधारणपणे उन्हानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतं आणि परत ऊन लागलं नाही तर काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत, व्रण न ठेवता जातं. याउलट उन्हात गेल्यावर काही मिनिटांतच गांधी उठल्या आणि सावलीत आल्यावर तासा-दोन तासांत, म्हणजे त्याच दिवशी, सगळं साफ झालं तर ते उन्हाने उठणारं पित्त, म्हणजे सोलर अर्टिकेरिया, त्याचे उपचार वेगळे. त्वचा लाल होऊन हात लावला तरी दुखतेय, आग होतेय आणि नंतर सालपटं निघतायत तर ते साधं सनबर्न. सनबर्नमध्ये दुखणं जास्त, पीएमएलईमध्ये खाज जास्त. आणि सनबर्न व्हायला जेवढं ऊन लागतं त्याच्यापेक्षा बऱ्याच कमी उन्हात पीएमएलई येऊ शकतं, त्यामुळे "मी काही भाजलो नाही, मग हे उन्हाचं कसं" असं म्हणून विषय सोडू नका.

पायरी २: कुठे आलंय आणि कुठे नाही ते बघा

जिथे आलंय ती जागा सगळेच बघतात, पण जिथे आलेलं नाही ती जागा जास्त सांगते. आरशासमोर चांगल्या उजेडात उभं राहा. हाताची बाहेरची बाजू, दंडाचा खालचा भाग, गळ्याखालचा शर्टच्या उघड्या बटणाचा त्रिकोण, मानेची मागची बाजू, गाल, कपाळ, या उन्हाच्या जागा. वरच्या पापण्या, हनुवटीच्या खालचा भाग, कानामागची जागा, घड्याळाच्या पट्ट्याखालची त्वचा, या सावलीच्या जागा. पुरळ उन्हाच्या जागांवर आणि सावलीच्या जागा कोऱ्या, शर्टच्या बाहीपाशी जवळजवळ रेघ मारल्यासारखी हद्द, असं असेल तर ऊनच कारण आहे. पण पापण्या सुजल्यात, कानामागे, हनुवटीखालीही आलंय, तर हवेतून उडून बसणाऱ्या किंवा हाताने लागणाऱ्या कशाची तरी ॲलर्जी असू शकते. काख, कंबर, पाठ अशा झाकलेल्या घामट जागी आलं असेल तर घामोळ्याचा संशय घ्या.

एक गोष्ट नव्या माणसाला गोंधळात टाकते ती म्हणजे चेहरा आणि हाताचे पंजे वर्षभर उघडे असतात, त्यांना थोडी सवय असते, म्हणून पुष्कळ जणांना तिथे कमी येतं किंवा येतच नाही, आणि एरवी झाकलेल्या दंडावर-गळ्यावर जोरात येतं. चेहऱ्यावर नाही म्हणून ते उन्हाचं नाही, असं होत नाही.

दिसायला प्रत्येकाचं वेगळं असतं, नावातच बहुरूपी आहे. कोणाला टाचणीच्या डोक्याएवढे दाणे, कोणाला सुजलेले लाल चट्टे, कोणाला बारीक पाण्याचे फोड. पण एका माणसाला बहुतेकदा दरवर्षी त्याच प्रकारचं येतं. सावळ्या-काळ्या त्वचेवर लाली फारशी कळत नाही, तिथे त्वचेच्याच रंगाचे किंवा थोडे फिकट-गडद दाणे दिसतात, म्हणून नुसतं बघून भागत नाही, बोट फिरवून बघा, खरखरीत लागतं. अशा त्वचेवर पुरळ गेल्यावर फिकट किंवा काळपट ठिपके काही आठवडे-महिने राहू शकतात, ते व्रण नसतात, हळूहळू रंग जुळतो.

फोटो काढून ठेवा, एक लांबून ज्यात बाहीची हद्द दिसेल आणि एक जवळून. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत पुरळ गेलेलं असतं आणि डॉक्टरसमोर कोरा हात पुढे करायची वेळ येते, असं फार जणांचं होतं.

एक उदाहरण पूर्ण सोडवून

समजा एक २८ वर्षांची बाई आहे, वर्षभर ऑफिसात बसून काम. मोसमातल्या पहिल्या कडक उन्हाच्या रविवारी ती मैदानावर मुलाची मॅच बघायला ११ ते १ बसली. अर्ध्या बाह्यांचा टॉप, गळा थोडा मोठा, सनस्क्रीन एसपीएफ ५० पण फक्त चेहऱ्याला. संध्याकाळपर्यंत काही नाही. रात्री ९ च्या सुमाराला हात चुरचुरायला लागले, सोमवारी सकाळी दोन्ही हातांच्या बाहेरच्या बाजूला आणि गळ्याखाली दाणे, गालावर थोडेसे. घड्याळाखालची पट्टी स्वच्छ, पापण्या स्वच्छ. मंगळवारी सगळ्यात जास्त, शुक्रवारपासून ओसरायला लागलं, पुढच्या रविवारी फक्त थोडी खरखर.

आता वाचा हे. खाज सुटायला आठेक तास लागले, म्हणजे उन्हाचं पित्त नाही. दुखलं नाही, सालं निघाली नाहीत, सनबर्न नाही. घड्याळाखाली आणि पापणीवर नाही, म्हणजे उडून बसणारी ॲलर्जी नाही. आठवड्यात गेलं, व्रण नाही. गेल्या वर्षी असं काही झालं होतं का असं विचारल्यावर तिला आठवतं की हो, सुट्टीत समुद्रावर गेलो होतो तेव्हा दुसऱ्या दिवशी असंच झालं होतं आणि आपण मिठाच्या पाण्याला दोष दिला होता. एवढं जुळलं तर पीएमएलईची शक्यता खूपच जास्त, फक्त पुढची पायरी गाळायची नाही.

पायरी ३: औषधं आणि लावायच्या वस्तू तपासा

काही गोळ्यांनी त्वचा उन्हाला नाजूक होते: डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, ब्लड प्रेशरसाठी दिली जाणारी हायड्रोक्लोरोथायझाइड, आणि लावायच्या जेलमध्ये कीटोप्रोफेन, ही वेदनाशामक जेल. गेल्या काही आठवड्यांत यापैकी काही नव्याने सुरू झालं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, स्वतःहून बीपीची गोळी बंद करू नका. नवीन परफ्युम, नवीन सनस्क्रीन हेही लक्षात ठेवा, कारण सनस्क्रीनचीच ॲलर्जी येऊ शकते, आणि मग माणूस पुरळ येतंय म्हणून तेच आणखी थापत राहतो. फरक असा करता येतो की सनस्क्रीन जिथे लावलं तिथेच आणि न लावलेल्या उघड्या जागी नाही, तर सनस्क्रीनवर संशय. वरच्या उदाहरणात बरोबर उलटं होतं, न लावलेले हातच जास्त पेटले.

पायरी ४: या आठवड्यात काय करायचं

पहिलं, त्या जागांवर ऊन पूर्ण बंद, निदान पुरळ जाईपर्यंत. खिडकीतून येणारं ऊनसुद्धा, कारण अल्ट्राव्हायोलेट किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात, त्यातल्या यूव्हीएने पीएमएलई बहुतेकदा पेटतं, आणि साधी काच यूव्हीबी अडवते पण यूव्हीए बऱ्यापैकी आत सोडते. गाडीची समोरची काच दोन थरांची असते, ती बरंच अडवते, बाजूच्या खिडकीचा भरवसा धरू नका, म्हणूनच काही जणांना खिडकीकडच्याच हातावर येतं.

खाजेसाठी थंड पाण्याच्या घड्या १० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि वर साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. रात्री खाजेने झोप येत नसेल तर सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी काहींना थोडी मदत करते, मोठी अपेक्षा ठेवू नका, ही खाज पित्ताच्या खाजेसारखी हिस्टामिनवर चालत नाही.

खरा उपयोग होतो स्टेरॉइड क्रीमचा आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, कारण जागेप्रमाणे ताकद बदलते. हाताला मध्यम ते जरा जोरदार, उदाहरणार्थ मोमेटासोन, दिवसातून एकदा, साधारण पाच ते सात दिवस. चेहऱ्याला सौम्य, हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का, तेही थोडेच दिवस. प्रमाण असं मोजायचं की मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. आणि कृपा करून घरात पडलेली ती तीन-चार औषधं एकत्र असलेली गजकर्णाची क्रीम चेहऱ्यावर लावू नका. त्यात बऱ्याचदा खूप जोरदार स्टेरॉइड असतं, पुरळ दोन दिवसांत बसतं म्हणून माणूस खूश होतो, महिनाभर लावतो, आणि मग त्वचा पातळ होते, मुरुम येतात, बारीक लाल रेषा दिसायला लागतात, आणि क्रीम सोडलं की सगळं दुप्पट उसळतं. हे मी इतक्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय की याबद्दल मला मऊ शब्दांत लिहिता येत नाही.

खूपच जोरात आलं असेल, चेहरा सुजलाय, तर डॉक्टर काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, ते त्यांच्यावर सोडा.

पायरी ५: डॉक्टरकडे कधी जायलाच हवं

पहिल्यांदाच झालं असेल तर एकदा स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊन नाव पक्कं करून घ्या. लगेच जायची कारणं मात्र वेगळी: ऊन बंद करूनही पुरळ दोन-तीन आठवडे तसंच आहे, गेल्यावर व्रण किंवा खड्डा राहतोय, नाकावर-गालावर लाली टिकून आहे, सोबत सांधे दुखतात, तोंडात व्रण येतात, केस गळतात, ताप किंवा न उलगडणारा थकवा आहे. यामागे ल्युपस असू शकतो, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार, तोही उन्हाने वाढतो आणि सुरुवातीला पीएमएलईसारखा दिसू शकतो. डॉक्टर एएनए ही रक्ततपासणी सांगतात ती मुख्यतः यासाठीच, आणि पीएमएलईच्या काही लोकांमध्येही ती थोडी पॉझिटिव्ह येते, त्यामुळे रिपोर्ट हातात आला की घाबरून न जाता डॉक्टरांना दाखवा. लहान मूल उन्हात गेल्यावर लगेच आग होते म्हणून रडत असेल आणि पुरळ फारसं दिसत नसेल तर तो वेगळाच आजार असू शकतो, त्यात थांबू नका.

पायरी ६: सनस्क्रीन नीट निवडा

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. एसपीएफचा आकडा यूव्हीबीपासून, म्हणजे भाजण्यापासूनचं संरक्षण सांगतो. आपल्याला त्रास बहुतेकदा यूव्हीएचा. मग होतं काय, एसपीएफ ५० लावल्यावर माणूस भाजत नाही, त्यामुळे जास्त वेळ उन्हात राहतो आणि यूव्हीए आणखी घेतो, पुरळ आधीपेक्षा जास्त. म्हणून पाकिटावर एसपीएफ ३० ते ५० बघाच, पण त्यासोबत पीए आणि त्यापुढे तीन-चार अधिकची चिन्हं, किंवा वर्तुळात यूव्हीए लिहिलेलं असं काहीतरी शोधा.

प्रमाणही महत्त्वाचं. दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत काढलेल्या दोन रेघा चेहरा-मानेला, आणि तेवढंच प्रत्येक हाताला. बहुतेक लोक याच्या निम्म्याहून कमी लावतात आणि मग सनस्क्रीन काम करत नाही म्हणतात. बाहेर पडायच्या १५-२० मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी आणि घाम-पोहण्यानंतर परत लावा.

तरीही सनस्क्रीन ही दुसरी फळी समजा. घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा गडद शर्ट जास्त भरवशाचा, तो दोन तासांनी परत घालावा लागत नाही. कापड उजेडासमोर धरून बघा, आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार जातं. वेळ निवडताना साधा नियम, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तर ऊन तीव्र. पण ती खूण मुख्यतः यूव्हीबीची, यूव्हीए सकाळ-संध्याकाळही बऱ्यापैकी असतो, ढगांतूनही येतो, वाळूवरून आणि बर्फावरून परतूनही अंगावर येतो, म्हणून नुसत्या वेळेवर विसंबू नका.

पायरी ७: पुढच्या मोसमाची तयारी

हे काम पुरळ आलेलं नसताना, कडक ऊन सुरू व्हायच्या पाच-सहा आठवडे आधी करायचं. कल्पना अशी की त्वचेला एकदम धक्का न देता थोड्या थोड्या उन्हाची सवय लावायची.

सौम्य त्रास असेल तर घरच्या घरी, पण नाव डॉक्टरांकडून पक्कं झाल्यावर आणि ल्युपस नाही, उन्हाला नाजूक करणारं औषध नाही हे बघूनच. सावली आपल्यापेक्षा लांब असते अशा वेळी हात आणि गळा उघडा ठेवून पाच मिनिटं, आठवड्यातून तीनेक वेळा. मग दर आठवड्याला काही मिनिटं वाढवायची. खाज सुटली तर ती बसेपर्यंत थांबायचं आणि परत सुरू करताना आधीच्या आठवड्याच्या वेळेवर यायचं, पुढे रेटायचं नाही. त्वचा लाल होईपर्यंत कधीच बसायचं नाही. वरच्या उदाहरणातल्या बाईने मॅचच्या आधीचे पाच आठवडे असं केलं असतं, आणि त्या दिवशी पूर्ण बाह्या घातल्या असत्या, तर तिला बहुतेक थोडीशी चुरचुर एवढंच झालं असतं. टॅनिंग बेडवर मात्र हा प्रयोग करू नका, तिथे यूव्हीए भरपूर आणि मोजमाप आपल्या हातात नाही, पुरळही पेटतं आणि कॅन्सरचा धोकाही वाढतो.

दरवर्षी जोरात होतं, मोसमातले दोन-तीन महिने वाया जातात, अशांसाठी हॉस्पिटलमध्ये हेच काम मोजून करतात. नॅरोबँड यूव्हीबी म्हणतात त्याला, साधारण आठवड्यातून तीनदा, पाच आठवडे. डोस त्वचा बघून हळूहळू वाढवतात. मधेच पुरळ पेटू शकतं, तेव्हा ते डोस थांबवतात किंवा कमी करतात, स्टेरॉइड क्रीम देतात, म्हणून कोर्स मधे सोडून न देता त्यांना सांगा. आणि कोर्स झाला की सवय टिकवायला अधूनमधून ऊन घेत राहावं लागतं, कारण काही आठवडे पूर्ण सावलीत गेले की ती उतरते.

याच कारणाने मोसमाच्या मधेच आजारपणात महिनाभर घरात बसलात, किंवा ऊन नसलेल्या महिन्यांत उन्हाच्या प्रदेशात सुट्टीला गेलात, तर पहिला दिवस परत मोसमाचा पहिलाच दिवस समजा आणि पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन बॅगेत ठेवा, डॉक्टरांनी दिलेलं क्रीमही. आणि वर्षानुवर्षं ऊन टाळत असाल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना व्हिटॅमिन डी तपासायचं का ते विचारा, ऊन काटेकोर टाळणाऱ्यांमध्ये ते कमी निघू शकतं आणि गोळ्यांनी भरून काढता येतं.